लाल भोपळा म्हणायचे की कोहळे?

(शिरूर व दौंड तालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कामात पत्रके, चित्रतक्ते आणि आहाराच्या पुस्तिका मराठीत आणण्याचे काम वाढत चालले आहे. मूळ मजकूर इंग्रजी किंवा हिंदी असतो, तो मराठी करून आपण ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आणि वीटभट्ट्यांवर नेतो. आज मला एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. एका वस्तूला महाराष्ट्रात चार नावे असतील, तर पत्रकात कोणते छापायचे?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला, तो 1811 साली. त्यांचे मदतनीस वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते. त्यामुळे त्या मराठीला पूर्वेकडचे वळण आले, आणि मुंबई-कोकण-देशावरच्या वाचकांना ती परकी वाटू लागली. मुंबईतल्या अमेरिकन मिशनने आपले वेगळे भाषांतर केले आणि 1826 साली त्यांचा नवा करार निघाला. भाषा एकच, तरी काम दोनदा करावे लागले. पुढे आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंसमोर हा प्रश्न फार वेगळ्या रूपात आला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या मुली आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातमधल्या आणल्या. एकाच अंगणात इतक्या बोलींच्या बाया आणि मुली. बायबलचे मराठी भाषांतर करताना कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी सोपी भाषा त्यांनी धरली. ते संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, मुक्ति मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

रमाबाईंचा वाचक जसा एका अंगणात होता, तसाच आपलाही आहे, हे लक्षात घ्या. पुष्कळ जण सुचवतात की विदर्भाची आवृत्ती वेगळी काढा, खानदेशची वेगळी. ज्या संस्थेचे वाचक आपापल्या गावी बसलेले आहेत तिला हे जमेल. आपल्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की एकाच फडावर बीड-पाथर्डीची टोळी असते, जळगाव-धुळ्याकडची भिल्ल कुटुंबे असतात, यवतमाळ-वाशीमचीही असतात. पलीकडच्या वीटभट्टीवर आणखी कोणी. घोड नदीच्या काठावरचा पारधी वस्तीतला माणूस तर घरी मराठी बोलतच नाही. गठ्ठ्यातले कोणते पत्रक कोणत्या कोपीत जाईल हे कोणी ठरवणार? म्हणून आपल्याला एकच मजकूर करावा लागतो, आणि त्यात शब्द निवडावाच लागतो.

आता एक उदाहरण नीट पाहू. आहाराच्या पुस्तिकेत एक ओळ आहे: लहान मुलांना आठवड्यातून दोन-तीन वेळा अमुक भाजी द्या. ही भाजी म्हणजे आतून केशरी गराचे ते मोठे फळ. त्या केशरी रंगातूनच शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले तर मुलाला आधी संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसेनासे होते, म्हणजे रातांधळेपणा येतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी डोस असतो, पण टोळी आज इथे, उद्या तिथे, त्यामुळे डोस चुकतो. म्हणून ही ओळ महत्त्वाची.

या फळाला पुण्याकडे भोपळा म्हणतात, जरा नेमके बोलायचे तर लाल किंवा तांबडा भोपळा. मराठवाड्यात काशीफळ ऐकू येते. नाशिक-खानदेशकडे गंगाफळ म्हणतात, डांगरही म्हणतात. विदर्भात त्याला कोहळे म्हणतात, तिकडची कोहळ्याची बोंडे याच लाल फळाची. सगळे शब्द अस्सल मराठी आहेत, कोणी कोणापेक्षा अडाणी नाही.

पुस्तिकेत नुसते भोपळा छापले तर काय होते? काही बाया दुधी भोपळा समजतात. दुधी वाईट नाही, पण त्यात तो केशरी रंग नाही. कोहळा छापले तर वाशीमची बाई बरोबर फळ आणेल. शिरूरची बाई मात्र बाहेरून पांढुरकी भुकटी असलेले, आतून पांढरे फळ आणेल. दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगतात आणि ज्याचा पेठा करतात, तो कोहळा. त्यात मुख्यतः पाणीच. डांगर छापले तर धुळ्याची बाई बरोबर समजेल, पण विदर्भात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लावतात, तिथे डांगर म्हणजे खरबूज. पुण्यातल्या काही घरांत डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे तोंडी लावणे.

इथे मी थोडा थांबतो, कारण शब्द निवडण्याची सगळी गोम यात आहे. काशीफळ हा शब्द शिरूरच्या बाईने कधी ऐकला नसेल तर ती अडते. अडली की विचारते, “ताई, हे काय असतं हो?” मग आपण सांगतो, काम होते. कोहळा हा शब्द मात्र तिला पाठ आहे. ती विचारत नाही. ती समाधानाने पांढरी भाजी शिजवते, मूल खाते, आणि आपल्या नोंदवहीत पुस्तिका समजली असे लिहिले जाते. अनोळखी शब्दाची अडचण लगेच दिसते, ओळखीच्या शब्दाची दिसतच नाही. म्हणून दोन शब्दांपैकी निवडायची वेळ आली तर मी आधी हे विचारतो की हा शब्द दुसऱ्या जिल्ह्यात वेगळ्या वस्तूचे नाव आहे का. असेल, तर तो कितीही लोकप्रिय असला तरी एकटा छापत नाही. किती लोकांना कळतो हा प्रश्न त्यानंतरचा.

या कसोटीने आमची ओळ अशी ठरली: “लाल भोपळा, म्हणजे आतून केशरी असतो तो (विदर्भात कोहळे, खानदेशात डांगर किंवा गंगाफळ).” ही कंसातली नावे पहिल्यांदाच, एकदाच. पुढे सगळीकडे लाल भोपळा, दुसरे काही नाही. कोणाला वाटते की या पानावर लाल भोपळा, पुढच्या पानावर कोहळे लिहिले तर सर्वांना आपलेसे वाटेल. तसे करू नका. वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या भाज्या वाटतात, आणि तसे वाटणे बरोबरच आहे, एरवी लिहिणारा दोन नावे कशाला घेईल? चित्र रंगीत आणि कापलेल्या फोडीचे हवे. अख्ख्या फळाचे काळे-पांढरे चित्र दुधी सोडून सगळ्यांसारखेच दिसते.

आता ओळ बरोबर बसली हे कळायचे कसे? पत्रक वाचून “समजलं का?” असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला नाही म्हणायची रीत नाही, त्यातून विचारणारा पाहुणा असेल तर मुळीच नाही. आम्ही बाजारातून लाल भोपळ्याची फोड, कोहळ्याची फोड आणि दुधी आणला, कोपीसमोर पोत्यावर ठेवला आणि ओळ वाचून म्हटले, “आक्का, यातलं कोणतं, ते हातात घ्या.” हात कुठे जातो ते बघायचे, बोलायचे काही नाही. जुन्या मजकुरावर, म्हणजे नुसत्या भोपळा या शब्दावर, हात दुधीकडेही जात होते. नव्या ओळीवर एक आजी थोड्या घुटमळल्या, मग “केशरी म्हणलाय न्हवं” म्हणून लाल फोड उचलली. नावाने जे झाले नाही ते वर्णनाने झाले. ज्या पारधी कुटुंबात मराठी दुसरी भाषा आहे तिथे वर्णनच कामी येते, कंसातल्या नावांचा त्यांना काही उपयोग नसतो.

हे काम टोळीतल्या प्रत्येक जिल्ह्याच्या दोन-तीन बायांबरोबर वेगवेगळे करावे. सगळ्यांना एकत्र बसवले तर पहिलीचा हात जिथे गेला तिथेच बाकीच्यांचे जातात. मुकादमाला मध्ये घेऊ नये, तो सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो.

प्रत्येक शब्दासाठी एवढा खटाटोप लागत नाही. शेवग्याला विदर्भात मुनगा म्हणतात. दोन्ही नावांचा दुसरा अर्थ कुठेच नाही, तेव्हा शेवगा लिहून एकदा मुनगा द्यावे, संपले. नाचणी आणि नागलीचेही तसेच. अकोल्याच्या डोंगरातला ठाकर नागली म्हणतो, तो शब्द कंसात द्यायला विसरू नये. बटाटा आणि आलूमध्ये मात्र जरा सावध, कारण आलू मोठ्याने वाचले की पुण्याकडच्या कानाला अळू ऐकू येते. पेरू हवा असेल तर पेरूच लिहावे. विदर्भात त्याला जाम म्हणतात, पण कोकणात जाम हे निराळेच पाणीदार फळ आहे. पालेभाज्यांत चवळई लिहिले की कित्येकांना चवळीची उसळ आठवते, तिथे तांदुळजा बरा, आणि सोबत पानाचे चित्र.

काही जण विचारतील की मग पुण्याचेच शब्द मुख्य का? प्रश्न रास्त आहे. शाळेची पुस्तके त्या शब्दांनी भरलेली आहेत म्हणून ते जास्त लोकांच्या डोळ्यांखालून गेले आहेत, इतकेच कारण आहे. जिथे पुण्याचा शब्द संदिग्ध, तिथे तो मागे घ्यावा. क्रियापदांच्या बाबतीत मी पुण्याचे लकबीदार रूप टाळतो. “खायला घाला”, “उकळून घ्या” अशी साधी आज्ञार्थी वाक्ये सर्वत्र चालतात. विदर्भाचे “करून राहिला” किंवा मराठवाड्याचे “करायलाय” छापले तर दुसऱ्याला ती थट्टा वाटू शकते. बोलताना मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत जरूर बोलावे.

आता जुलाबाचे पत्रक हाती घ्यायचे आहे. जुलाब म्हणजे पातळ संडास, पण जुलाब घेणे म्हणजे पोट साफ करायचे औषध घेणे. “जुलाब झाल्यास” आणि “जुलाब दिल्यास” यातला फरक घाईत वाचणाऱ्याला दिसेलच असे नाही. हगवण, ढाळ, पातळ संडास, असे तीन पर्याय मी काढले आहेत. दौंडकडच्या फडांवर जाणाऱ्यांनी ते तिन्ही वाचून दाखवावेत आणि ऐकणाऱ्या बाईला विचारावे, “यात बाळाला काय झालंय?” ती जे शब्द वापरून सांगेल ते जसेच्या तसे लिहून आणा, शुद्ध करून नको. शेजारी तिचा जिल्हा लिहा, नाव नको.