सोमवारची पहिली पाळी



खरेदी, साठा, उत्पादन, बिलं आणि हिशेब हे सगळं एकाच प्रणालीत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात, हे कारखान्यात काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. जुनी ईआरपी सोडून नवी घेताना एक शनिवार-रविवार मुक्रर केला जातो. त्याला कटओव्हर म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी जुनी प्रणाली बंद करायची, तिच्यातली माहिती काढायची, नव्या साच्यात बसवायची, नव्या प्रणालीत भरायची, आणि सोमवारी पहिल्या पाळीला काम सुरू करायचं. आज मी बोलणार आहे ते या कामाच्या रंगीत तालमीबद्दल, म्हणजे मॉक रनबद्दल.

उदाहरणासाठी चाकण परिसरातला मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा, हातात 60 तास. पहिली तालीम झाली आणि तिला 78 तास लागले. अशा वेळी पहिली मागणी होते ती मोठ्या सर्व्हरची. पण घड्याळ नीट लावलं असेल तर वेगळंच चित्र दिसतं. 78 तासांपैकी यंत्र चाललं 51 तास. उरलेले 27 तास फाइल तयार होऊन कुणाची तरी वाट बघत पडून होती. साठ्याची भरणी रात्री दोनला संपली. तिचा ताळा बघून सही करणारे स्टोअर्सचे साहेब सकाळी साडेनऊला आले. म्हणून प्रत्येक पायरीला दोन वेळा नोंदवाव्या लागतात: काम किती वेळ चाललं, आणि पुढचं काम सुरू होईपर्यंत किती वेळ गेला. ही दुसरी नोंद बरेच जण ठेवत नाहीत, आणि खरी वेळ तिथेच सापडते.

या कारखान्याने मग दोन गोष्टी केल्या. बंद झालेल्या जुन्या ऑर्डरी आणि पुरवठादारांची, मालांची मूळ यादी आठवडाभर आधीच भरून टाकली. यंत्राचे 14 तास वाचले. त्याची किंमत अशी, की त्या आठवड्यात नवा पुरवठादार किंवा नवा माल जुन्या प्रणालीत उघडायला बंदी. अगदीच अडलं तर वेगळ्या वहीत नोंद करून तो नंतर हाताने नव्यात घालायचा. दुसरं म्हणजे सही करणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या आणि वाट बघण्याचे 27 तास 10 वर आले. शेवटची तालीम 47 तासांत बसली.

आता वेळेपेक्षा नाजूक भाग: ताळमेळ. माहिती पोचली हे कशावरून म्हणायचं? ओळींची संख्या जुळली, नाकारलेली ओळ एकही नाही, साठ्याची एकूण किंमतही दोन्हीकडे 14 कोटी 36 लाख. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तोच आकडा जागेप्रमाणे फोडून बघितला तर मुख्य गोदामात 42 लाखांचा माल जास्त आणि जॉबवर्कवाल्यांकडे 42 लाखांचा कमी. कारण साधं. भोसरीला मशिनिंगला आणि प्लेटिंगला गेलेला माल जुन्या प्रणालीत वेगळ्या गोदाम-कोडखाली होता. रूपांतराच्या तक्त्यात तो कोड लिहायचा राहिला, आणि तक्त्यात न सापडणारा माल मुख्य गोदामात टाकायचा असा नियम कुणीतरी सोयीसाठी घालून ठेवला होता. एकूण बेरीज त्यामुळे हलली नाही. सोमवारी मात्र स्टोअरकीपर स्क्रीनवर दिसणारा माल द्यायला जाईल आणि रॅक रिकामा असेल. आणि भोसरीहून आलेला माल जमा करता येणार नाही, कारण नव्या प्रणालीच्या लेखी तो कधी गेलेलाच नाही.

यात आणखी एक मेख आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नव्या प्रणालीत हा माल कटओव्हरच्या तारखेने चढवला, तर प्रणाली वर्ष नव्याने मोजू लागते. नग बरोबर, किंमत बरोबर, जागाही बरोबर, आणि तरीही दहा महिन्यांपूर्वी गेलेला माल कालच गेल्यासारखा दिसतो. म्हणून ताळ्यात मूळ चलनाची तारीखही यायला हवी. माझं स्पष्ट मत आहे की साठ्याच्या एकूण रकमेवर कुणी सहीच मागू नये. सही मागायची ती गोदामवार, मालप्रकारवार आणि जॉबवर्करवार तक्त्यावर.

किरकोळ वाटणारे फरकही सांगतो. एका स्क्रूचा दर जुन्या प्रणालीत 0.4368 रुपये. नव्यात दर दोनच दशांशांत ठेवता येतो, म्हणून झाला 0.44. दहा लाख स्क्रू असतील तर 4,36,800 चे 4,40,000 होतात. 3,200 रुपये हवेतून आले. इथे दर हजार नगांमागे 436.80 असा घ्यायचा, फरक नाहीसा होतो. पण हे कळतं ते फरकाचं कारण शोधल्यावरच. ‘थोडा राउंडिंगचा आहे’ म्हणून सोडून दिलेल्या फरकात एखादी उलटसुलट पडलेली मोठी चूकही दडलेली असू शकते.

काही वेळा फरक खोटाही असतो. तालमीच्या वेळी कारखाना चालू असतो. जुना साठा-अहवाल सकाळी दहाला काढला आणि डेटा दुपारी दोनला, तर मधल्या चार तासांतली आवक-जावक फरक म्हणून दिसते आणि माणसं दोन दिवस तिच्यामागे धावतात. जुन्या डेटाबेसची एक प्रत काढून अहवाल आणि डेटा दोन्ही त्याच प्रतीतून घेतले की ही धावपळ उरत नाही.

आणि चूक सापडली की ती नव्या प्रणालीत हाताने दुरुस्त करायची नाही. तशी केली तर तालीम पास होते, आणि खऱ्या शनिवारी तीच चूक परत येते. दुरुस्ती जुन्या माहितीत किंवा रूपांतराच्या नियमात करायची, आणि ती पायरी पुन्हा पहिल्यापासून चालवायची.

47 तास लागतात आणि 60 आहेत, म्हणजे 13 तास मोकळे, असं वाटतं. तसं नाही. जुन्या प्रणालीवर परत फिरायलाही वेळ लागतो, आणि तोही तालमीतच मोजायचा असतो. समजा तो 9 तास निघाला. मग परतीचा निर्णय रविवारी रात्री नऊपर्यंत घ्यावाच लागेल. भरणी आणि ताळा संपतो रविवारी संध्याकाळी पाचला. म्हणजे अडचण निस्तरायला खरे हातात आहेत ते चारच तास. आणि नव्या प्रणालीतून पहिलं बिल निघून गाडी फाटकाबाहेर पडली, की परत फिरणं फार अवघड होऊन बसतं.

या तालमीला एक मर्यादा आहे. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने पन्नास लाखांवर ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीत नेली. माहिती नीट पोचली. कोलमडली ती नवी प्रणाली, आणि लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या दोन नियामकांनी बँकेला मिळून 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंड दंड केला. माहितीची जुळणी कितीही चोख केली, तरी ती सोमवारच्या गर्दीबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी शेवटच्या तालमीनंतर, भरलेल्या त्याच डेटावर, स्टोअर्स, उत्पादन आणि डिस्पॅचच्या माणसांनी एकाच वेळी बसून सोमवारचे पहिले दोन तास चालवून बघायचे: माल उतरवून घ्यायचा, लाइनला द्यायचा, बिल करायचं, आणि ई-वे बिल चाचणीच्या पोर्टलवर काढायचं. ते निघालं नाही, तर सोमवारी गाडी फाटकातच उभी राहते.