दोष पायाचा, की चपलेचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मनाच्या आरोग्यावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे. तेव्हा मी त्यातला एकच प्रश्न घेते.

मध्यंतरी एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने घरी सांगितले होते, की मला मुलींची नव्हे, मुलांची ओढ वाटते. बाईंनी ते कसेबसे पचवले. पण मुलगा रात्र रात्र जागा असे, उगाच छाती धडधडे, पानावरून अर्धपोटी उठे. बाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, म्हणजे हा आजारच ना? नाहीतर असा कुढला असता का?”

समलिंगी माणसांत, तसेच जन्मवेळी ठरवलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही अशा पारलिंगी माणसांत, चिंता आणि उदासी इतरांपेक्षा अधिक आढळते, हे खरे. पण समलिंगी असणे हा आजार नव्हे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ सालीच ते आजारांच्या यादीतून काढले. मग ही उदासी येते कोठून? इलान मेयर या संशोधकाने १९९५ आणि २००३ साली याचे उत्तर नीट मांडले. त्याला ‘मायनॉरिटी स्ट्रेस’, म्हणजे अल्पसंख्य असल्यामुळे वाट्याला येणारा ताण, असे म्हणतात.

हा ताण बाहेरून आत शिरतो. आधी टोमणा, मारहाण, नोकरी नाकारणे. मग तसे काही घडले नाही तरी ‘आता घडेल’ ही धास्ती. मग लपवालपवी. समजा, एक मुलगी आपल्या जोडीदारणीबरोबर राहते. कचेरीत डबा खाताना कुणी सहज विचारते, “रविवारी काय केलंस? लग्नाचं कुठवर आलं?” तिला प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर पडण्याआधी तपासावे लागते. हे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. आणि शेवटी, लहानपणापासून ऐकलेला तिरस्कार ती स्वतःच स्वतःवर उगारू लागते.

आपण म्हणाल, याला पुरावा काय? अमेरिकेत मोठी पाहणी झाली होती. सुमारे ३४ हजार लोकांना २००१-०२ साली आणि पुन्हा २००४-०५ साली त्यांच्या मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले होते. मधल्या काळात तेथील काही राज्यांत मतदान होऊन समलिंगी विवाहाला बंदी आली. (ही बंदी २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.) मार्क हॅट्झेनब्यूलर यांनी २०१० साली दोन्ही वेळची उत्तरे ताडून पाहिली. बंदी आलेल्या राज्यांतील समलिंगी व उभयलिंगी माणसांत उदासीचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले होते, आणि सततच्या चिंतेचा विकार तिपटीहून अधिक झाला होता. बंदी न आलेल्या राज्यांतील तशाच माणसांत अशी वाढ दिसली नाही. माणसे तीच, त्यांचा स्वभाव तोच. बदलले ते भोवतालचे वारे.

उलट बाजूही पाहा. घरच्यांनी ज्यांचे नाव, पोशाख, लिंग मनापासून मान्य केले अशा ७३ पारलिंगी मुलांची पाहणी २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मुले ३ ते १२ वर्षांची. त्यांच्यात उदासी इतर मुलांइतकीच होती. चिंता मात्र किंचित अधिक.

अशा पाहण्या प्रयोगशाळेतल्या नव्हेत, आणि त्या समूहाविषयी सांगतात, एकेका माणसाविषयी नाही. प्रत्येक समलिंगी माणूस उदास असतो असे नाही. आणि कुणाची उदासी निराळ्या कारणाचीही असू शकते.

म्हणून त्या बाईंना मी म्हटले, “बाई, नवी चप्पल लागून फोड आला, तर आपण पायात खोट आहे असे म्हणत नाही. पण फोडाला मलम मात्र लावतोच.” मुलाच्या झोपेवर, धडधडीवर उपचार करायचे, त्याच्या प्रेमावर नव्हे. ‘मुलगा बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात जायचे नाही. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे ‘उपचार’ म्हणजे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले आहे.

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “घरी पाहुणे आले, की मीच त्याला गप्प राहायची खूण करते.” चपलेचा खिळा त्यांना सापडला होता. पुढच्या खेपेस त्या आल्या तेव्हा सांगत होत्या, की नणंदेने मुलाच्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा मुलाला आधी विचारून त्यांनी तिला खरे ते सांगितले. नणंद रुसली, मुलगा मात्र त्या रात्री पोटभर जेवला. तो बरा झाला असे मी म्हणणार नाही, औषध अजून चालू आहे. पण घरात तरी त्याला आता वाक्ये तपासावी लागत नाहीत.