सायबर सिक्युरिटीचं मास्टर्स : ब्रिटनमधलं एक वर्ष की इथलंच काम?

ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणारे जास्त असतात असं आता लक्षात आलंय, म्हणून या भागाचा मजकूर जवळजवळ बोललो तसाच ठेवलाय.

मी पुण्यात एका सॉकमध्ये काम करतो. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, चोवीस तास अलर्ट बघत बसायची जागा. नवीन मुलांच्या मुलाखतीही घेतो. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला ब्रिटनमधून सायबर सिक्युरिटीच्या एम.एस्सी.ची ऑफर आली. मुलगा सांगलीचा, बी.ई. कॉम्प्युटर झालेला. मावशीचं घर गहाण ठेवायचं ठरत होतं, आणि काका म्हणाले, "तू याच धंद्यात आहेस, एकदा बसून बघ." मग आम्ही दोघं दोन रविवार बसलो. तेच आज सांगतो.

आधी खर्च. आकडा एकदा कागदावर आला की बाकीचं बोलणं सरळ होतं.

फी २२,००० पौंड. लंडनच्या बाहेर राहायला महिन्याला किमान १,१७१ पौंड लागतात असं व्हिसाचे नियमच धरतात, म्हणजे बारा महिन्यांचे १४,०५२. शिवाय आरोग्याचा सरचार्ज. तो वर्षाला ७७६ पौंड असतो, पण एका वर्षाच्या कोर्सचा व्हिसा सोळा महिन्यांचा निघतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ भरावे लागतात. हे बऱ्याच जणांना पैसे भरतानाच कळतं. व्हिसाची फी आम्ही ५२४ धरली. बेरीज झाली ३७,७४० पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला तर साधारण ४३ लाख. विमान, थंडीचे कपडे, घराचं डिपॉझिट यात नाही.

४३ पैकी ३० लाख कर्ज. व्याज ११ टक्के, परतफेड दहा वर्षं. एजंटने दाखवलेला हप्ता होता ४१,३०० रुपये. पण शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. सगळे पैसे सुरुवातीला उचलले असं धरलं तर दीड वर्षात ५ लाखांच्या आसपास व्याज चढतं. ते मुद्दलात गेलं की हप्ता होतो ४८,००० च्या वर. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या फ्रेशर मुलांना वर्षाला ४ ते ६ लाख मिळतात. परदेशी डिग्री असली तर एचआर थोडं ताणतं, पण दुप्पट कोणी देत नाही. म्हणजे तो परत आला तर पूर्ण पगार हप्त्यात जाणार आणि वर घरून भर घालावी लागणार. ब्रिटनमध्ये नोकरी लागली तर हाच हप्ता सहज निघतो. त्यामुळे सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं: तिथे नोकरी लागते का?

इथे सायबर सिक्युरिटी बाकी सॉफ्टवेअरपेक्षा वेगळी आहे, आणि हे कन्सल्टन्सीवाले सांगत नाहीत. ब्रिटनमधली या क्षेत्रातली बरीच कामं सरकार, संरक्षण किंवा त्यांच्या कंत्राटदारांची असतात. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की उमेदवार 'एससी क्लिअरन्स'ला पात्र हवा. ही सुरक्षा-पडताळणी. तिच्यासाठी साधारणपणे गेली पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं. वरच्या पातळीच्या 'डीव्ही'ला दहा. तुम्ही कितीही हुशार असा, पहिल्या वर्षी पाच वर्षांचं वास्तव्य कुठून आणणार? अमेरिकेत तर अशा कामांना बहुतेक वेळा नागरिकत्वच लागतं. तिथली सायबर सिक्युरिटीची मोठी सरकारी स्कॉलरशिपसुद्धा फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते.

मी भावाला एक काम दिलं. ब्रिटनच्या जॉब साइटवर ज्युनियर सायबर सिक्युरिटीच्या पन्नास जाहिराती उघडायच्या आणि दोनच गोष्टी बघायच्या: क्लिअरन्स मागितलाय का, आणि कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते का. ज्या जाहिराती दोन्ही चाळण्यांतून खाली उतरतील, तेवढंच आपलं मार्केट. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

खाजगी बँका, रिटेल, कन्सल्टिंग यांत जागा आहेत. तिथे अडतो तो व्हिसा. डिग्रीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार. तेवढ्या काळात अशी कंपनी गाठायची जी स्किल्ड वर्कर व्हिसा स्पॉन्सर करेल. त्यासाठी जुलै २०२५ पासून किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकतीच डिग्री घेतलेल्यांना सवलत मिळते, ती ३३,४०० पर्यंत. शिवाय त्या त्या कामाचा ठरलेला दर असतो, तोही बघावा लागतो. एंट्री-लेव्हल सॉकच्या कितीतरी नोकऱ्या या रेषेच्या अलीकडे-पलीकडे लटकत असतात. कंपनीला स्पॉन्सर करायची इच्छा असली तरी पगार दोन हजार पौंडांनी कमी पडला की विषय संपला.

आता अभ्यासक्रम. इथे मला वाटतं लोक उगाच दबून जातात. ब्रिटिश एम.एस्सी.त साधारण काय असतं? क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सिक्युरिटी, सॉफ्टवेअर सिक्युरिटी, फॉरेन्सिक्स, रिस्क मॅनेजमेंट आणि उन्हाळ्यात प्रबंध. रॉयल हॉलोवेसारख्या ठिकाणी हे १९९२ पासून चालू आहे, तिथल्या प्राध्यापकांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण यातला बराचसा प्रात्यक्षिक भाग जगभर मोकळा पडलाय. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या वेनलियांग डू यांनी २००२ पासून सीड लॅब्ज उभ्या केल्या. अनेक देशांतली विद्यापीठं आपल्या विद्यार्थ्यांकडून त्याच करून घेतात. तुम्ही घरी बसून तेच व्हर्च्युअल मशीन उतरवू शकता. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असला की झालं.

एक उदाहरण देतो. बफर ओव्हरफ्लोच्या लॅबची सुरुवात अशी होते:

```
sudo sysctl -w kernel.randomize_va_space=0
gcc -m32 -z execstack -fno-stack-protector -o stack stack.c
```

पहिल्या ओळीने मेमरीचे पत्ते दर वेळी बदलणं बंद होतं, दुसरीने कंपायलरची संरक्षणं काढली जातात. (हे त्या व्हर्च्युअल मशीनमध्येच करायचं, रोजच्या लॅपटॉपवर नाही.) मग डीबगरमध्ये पत्ता शोधायचा आणि हल्ला करणारी फाइल बनवायची. गंमत अशी की डीबगरमध्ये मिळालेला पत्ता तसाच वापरला की बाहेर प्रोग्रॅम नुसता क्रॅश होतो. कारण डीबगर स्वतःची थोडी माहिती स्टॅकवर आधी टाकतो, त्यामुळे खऱ्या रनमध्ये पत्ता थोडा मोठा असतो. म्हणून नेम थोडा वर धरायचा आणि मध्ये काहीच न करणाऱ्या सूचनांची घसरगुंडी ठेवायची. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो. व्हिडिओ बघून आलेला मुलगा कमांड घडाघडा सांगतो. स्वतः करून आलेला आधी म्हणतो, "सर, पहिल्यांदा क्रॅशच झालं." तो इंग्लंडला शिकला की इस्लामपूरला, मला फरक पडत नाही.

आपल्या कॉलेजांची बाजूही सांगायला हवी. कित्येक ठिकाणी लॅब पाचला बंद होते, मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, आणि सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल म्हणजे सीझर सायफरचा प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहून सही घेणं. पण त्यावर उपाय परदेशच आहे असं नाही. पुण्यात सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, डिटिस. सी-कॅट देऊन प्रवेश, खर्च राहण्याशिवाय लाखाच्या आसपास. लिनक्स, नेटवर्क, फॉरेन्सिक्स, ऑडिट असं कामाचं शिकवतात. आणि ज्यांना खरंच खोलात जायचंय त्यांनी गेट द्यावी. आयआयटी कानपूरला सायबर सिक्युरिटीचं एम.टेक. आहे, आणि तिथल्या सी-थ्री-आय हबमध्ये वीज आणि पाण्यासारख्या यंत्रणांवरचे हल्ले तपासायचे टेस्टबेड आहेत. गेटमधून गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंडही मिळतो. शिकायचे पैसे मिळतात हो, द्यावे लागत नाहीत!

म्हणून लॅबबद्दल विद्यापीठाला विचारायचा प्रश्न असा: "तुमच्या लॅबमध्ये असं काय आहे जे मी घरून व्हर्च्युअल मशीनवर करू शकत नाही?" भावाने हाच ईमेल पाठवला. उत्तर सभ्य होतं. लॅब पूर्णपणे व्हर्च्युअल असून विद्यार्थी कुठूनही लॉगिन करू शकतात, असं त्यांनी अभिमानाने कळवलं होतं. मावशीने ते वाचून विचारलं, "मग तिकडे जायचं कशाला?" दोन रविवारांत आम्हाला जमलं नाही ते तिने एका वाक्यात केलं.

तो आता डिटिस करून पुण्यातच एका सॉकमध्ये लागलाय. गुळगुळीत चित्र नाही रंगवत. पहिलं वर्ष म्हणजे रात्रपाळी, आणि दिवसाला शेकडो अलर्ट, त्यातले बहुतेक खोटे. पण कामं आहेत. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस देशात जपावे लागतात. २०२४ मध्ये सेबीनेही आपल्या कक्षेतल्या कंपन्यांसाठी सॉकची चौकट आणली. एवढं सगळं करायला माणसं लागतातच.

माझ्याच टीममधली एक मुलगी मात्र जर्मनीला गेली, आणि तिने जावं असं मीच म्हटलं होतं. तिला सॉकमध्ये रस नव्हता, प्रोग्रॅममधल्या चुका आपोआप शोधणारी साधनं बनवायची होती. झारलँड विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं मास्टर्स इंग्रजीत आहे आणि शेजारीच सिस्पा नावाची मोठी संशोधन संस्था. ट्यूशन फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. तिने अर्जाआधी तिथल्या दोन गटांचे पेपर वाचले, त्यातल्या एकाचं साधन इथे चालवून बघितलं आणि सापडलेली एक चूक त्यांना कळवली. जर्मन भाषेचे क्लास ती निघायच्या वर्षभर आधीपासून करत होती, कारण तिथल्या साध्या कंपन्यांत इंग्रजीवर भागत नाही. तिचं कर्ज ९ लाख आहे, आणि घर कुणाचंच गहाण नाही.