गाड्या कालच्याच, मग हवा आजच का बिघडली?
(मुलांच्या पानासाठी बातमी लिहिण्याविषयीचे व्याख्यान)



वृत्तपत्रातील मुलांच्या पानावर ताज्या घटनेविषयीचा मजकूर लिहिणाऱ्याला साधारण दीडशे ते दोनशे शब्दांची जागा मिळते. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या वाचकाला घटना समजली पाहिजे, आणि आपल्याला कोणी लहान लेखून बोलत आहे असे त्याला वाटता कामा नये. या दोन अटी एकत्र कशा पाळायच्या, हे दिल्लीकरांच्या चांगल्या परिचयाच्या एका घटनेवरून पाहता येईल.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. त्या दिवशी दिल्लीचा हवेचा निर्देशांक ४९४ नोंदला गेला. त्या सकाळपासून दिल्लीत दहावी-बारावी सोडून सर्व वर्ग घरून भरू लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेही वर्ग बंद झाले. अनेक वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर हीच बातमी होती. मुलांच्या पानावर ती कशी लिहावी?

अशा बातमीचा नेहमीचा मसुदा ठरलेला असतो. ‘बालमित्रांनो’ अशी हाक, दिल्लीवर चालून आलेला प्रदूषणाचा राक्षस, दोन-तीन उद्गारचिन्हे आणि शेवटी ‘चला तर मग, झाडे लावू या’ हा उपदेश. यातील प्रत्येक शब्द सोपा आहे, तरी मजकूर वाचून मुलाला काहीच कळत नाही. राक्षस कोठून आला आणि नोव्हेंबरातच का आला, हे त्यात नसते. कारण गाळले की उरते ती भीती किंवा करमणूक. मुलाला कमी लेखणे घडते ते येथेच. उपदेशाचेही तसेच आहे. ही हवा पाचवीतल्या मुलाने बिघडवलेली नाही. ती सुधारण्याचा भार शेवटच्या ओळीत त्याच्या खांद्यावर ठेवणे अन्यायाचे आहे, आणि मुलांना तो अन्याय बरोबर कळतो.

म्हणून पहिले काम म्हणजे मुलाचा खरा प्रश्न शोधणे. ‘प्रदूषण म्हणजे काय’ हा पाठ्यपुस्तकाचा प्रश्न झाला. शाळा अचानक बंद झालेल्या मुलाच्या मनात येणारा प्रश्न वेगळा असतो. मागच्या महिन्यातही एवढ्याच गाड्या धावत होत्या, मग हवा आजच एवढी का बिघडली? हा प्रश्न मोठ्यांपैकीही अनेकांना पडत नाही, कारण ‘थंडीत असेच होते’ या उत्तरावर त्यांचे समाधान झालेले असते. दोनशे शब्दांत एकच प्रश्न नीट सोडवता येतो. तो निवडला की काय गाळायचे ते आपोआप ठरते.

दुसरे काम आकड्याचे. ४९४ हा आकडा एकटाच छापला तर मूल त्याला गुणांसारखा किंवा टक्क्यांसारखा वाचते. पट्टी सांगितल्याशिवाय आकडा देऊ नये. भारतातील हा निर्देशांक ० ते ५०० या पट्टीवर मोजला जातो. ५० पर्यंत हवा चांगली आणि ४०० च्या पुढे गंभीर मानतात. येथे आणखी एक अडचण येते. त्याच दिवशी वडिलांच्या फोनवरील एखाद्या अ‍ॅपने हजाराच्या पुढचा आकडा दाखवलेला असतो. मग कोणीतरी खोटे बोलत आहे, असे मुलाला वाटते. वास्तविक मोजपट्ट्या दोन असतात. सरकारी आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो आणि ५०० वर थांबतो. काही अ‍ॅप दुसऱ्या देशाची पट्टी वापरतात, तासातासाचा आकडा देतात आणि ५०० च्या पुढेही मोजत राहतात. मजकुरात हे एका वाक्यात यायला हवे. ते गाळले तर जाणता वाचक पानावरचा विश्वास गमावतो.

तिसरे काम उपमेचे. मुलांचे पान महाराष्ट्रातही वाचले जाते. साताऱ्यातील मुलीने असे धुरके कधी पाहिलेले नसते. म्हणून उपमा दोघांच्याही घरात सापडणारी हवी. मिरचीची फोडणी दोन्ही घरांत पडते. खिडकी उघडी असेल तर फारसे जाणवत नाही, बंद असेल तर घरभर ठसका लागतो. मिरच्या तेवढ्याच, फरक पडला तो खिडकीमुळे. हिवाळ्यातील दिल्लीचे नेमके हेच होते. मात्र प्रत्येक उपमा कोठेतरी तुटते, आणि ती कोठे तुटते हे सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडता येते, शहरावरच्या हवेची येत नाही. हे सांगितले नाही, तर मोठे पंखे लावून हवा हाकलता येईल असा निष्कर्ष मूल काढते, आणि त्यात त्याची चूक नसते.

चौथे काम दोषाचे, आणि ते सर्वांत नाजूक. दिल्लीतील मराठी मुलाच्या कानावर ‘पराली’ हा शब्द रोज पडतो. मराठीत त्यासाठी ‘धसकटे’ हा नेमका शब्द आहे, म्हणजे कापणीनंतर जमिनीत उरणारे खुंट. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत शेतकऱ्याला दोन-तीन आठवडेच मिळतात. यंत्राने कापणी केल्यावर उरलेली धसकटे काढायला पैसा आणि वेळ लागतो, म्हणून ती जाळली जातात. या धुराचा दिल्लीच्या हवेतील वाटा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज बदलतो. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था त्याचे अंदाज काढते. ‘शेतकऱ्यांमुळे शाळा बंद’ हे वाक्य फार सोपे आहे, पण ते अपुरे आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या नातवाने ते वाचले तर त्याला काय वाटेल, हेही लेखकाने मनाशी विचारावे. येथे क्रमाचे महत्त्व मोठे आहे. यादीतील शेवटची गोष्ट मुलांच्या लक्षात राहते. धसकटे शेवटी लिहिली की दोष तेथेच चिकटतो. म्हणून ती यादीच्या मध्ये ठेवावीत.

हे सगळे ध्यानात घेऊन, नोव्हेंबर संपता संपता एखाद्या रविवारच्या पानासाठी मजकूर असा लिहिता येईल:

“१८ नोव्हेंबरला दिल्लीतील बहुतेक मुलांचे वर्ग घरून भरले, कारण शहराची हवा फार बिघडली होती. त्या दिवशी हवेचा निर्देशांक ४९४ नोंदला गेला. ही पट्टी ० ते ५०० अशी असते. ५० पर्यंत हवा चांगली, ४०० च्या पुढे गंभीर. काही अ‍ॅपवर याहून मोठे आकडे दिसतात, कारण त्यांची पट्टी वेगळी आहे.

“मग धूर एकाएकी वाढला का? धूर आणि धूळ आधीपासून होतीच. ती कारखान्यांतून, कचरा आणि भाताची धसकटे जाळण्यातून, बांधकामांतून आणि गाड्यांतून येते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि धूरही वर नेते. नोव्हेंबरच्या रात्री जमीन लवकर गार होते. तिच्या लगतची हवा गार व जड होऊन खालीच बसते. वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. वाराही मंद असतो. म्हणून धूर वर जात नाही आणि दूरही जात नाही. खिडकी बंद ठेवून फोडणी केली की ठसका लागतो, तसेच हे. पण शहराची खिडकी उघडता येत नाही. त्यामुळे धूरच कमी करावा लागतो.

“शाळा बंद ठेवावी का, यावर मोठ्यांनाही विचार करावा लागला. काही मुलांना दुपारचे जेवण शाळेतच मिळते. काहींच्या घरी अभ्यासासाठी फोन नाही. अनेक घरांतली हवा शाळेतल्या हवेपेक्षा चांगली नसते. २५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हेच मुद्दे मांडले आणि हवेची देखरेख करणाऱ्या आयोगाला वर्ग पुन्हा सुरू करण्याचा विचार करायला सांगितले.”

या मजकुरातील शेवटचा परिच्छेद संपादक बहुधा कापू पाहतात. जागा थोडी असते, आणि मोठ्यांमधील मतभेद मुलांना कशाला सांगायचा, असा विचार त्यामागे असतो. तो परिच्छेद राखण्यासारखा आहे. हवा वाईट असताना शाळा बंद ठेवणे हे उघड उत्तर वाटते. पण ज्या मुलाचे दुपारचे जेवण त्या उत्तरामुळे बुडते, तोही या पानाचा वाचक असू शकतो. त्याची अडचण छापली गेली नाही, तर हे पान फोन आणि हवाशुद्धी यंत्र असलेल्या घरांपुरतेच उरते. निर्णयाच्या दोन बाजू असतात आणि न्यायालयही दुसरी बाजू ऐकून आपल्या आदेशाचा पुन्हा विचार करू शकते, हे दहा वर्षांच्या मुलाला सहज समजते.

भीतीविषयीही दोन शब्द. काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे चित्र या मजकुराशेजारी छापू नये, कारण त्या चित्रापुढे मूल एकही ओळ वाचत नाही. पण ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असेही लिहू नये. ज्या मुलाला दमा आहे, त्याला ते खोटे असल्याचे अनुभवाने ठाऊक असते. पट्टीवरचा ‘गंभीर’ हा शब्द आहे तसा ठेवावा. तो पुरेसा खरा आहे.

मजकूर जमला की नाही, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. तो एखाद्या मुलाला एकदा वाचायला द्यावा, कागद बाजूला ठेवावा आणि ‘हवा आजच का बिघडली?’ एवढेच विचारावे. ‘प्रदूषण वाढले म्हणून’ असे उत्तर आले, तर कारणांची साखळी मध्येच तुटली आहे. बहुधा ती ‘गार हवा जड होते’ या पायरीवर तुटलेली असते, आणि तेथे आणखी एक वाक्य लागते. ‘शेतकऱ्यांमुळे’ असे उत्तर आले, तर यादीचा क्रम पुन्हा पाहावा. ‘धूर होताच, पण झाकण बसले’ असे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर मजकूर छापायला द्यावा.

आणि एखादे मूल थांबून ‘मग पावसाळ्यात काय होते?’ असे विचारील. त्या प्रश्नाला दोनशे शब्दांत जागा नसते. तो प्रश्न वहीत टिपून ठेवावा आणि पावसाळ्यातील एखाद्या रविवारच्या पानासाठी राखावा.