चार स्क्रीनशॉट आणि एक मोकळा तास

ताथवड्यातून बोलतोय, मागे हायवेवरच्या ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय छोटा आहे. टीममधल्या चार जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आपापल्या कॅलेंडरच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट टाकलाय, आणि त्यातून सगळ्यांना जमेल असा एक तास शोधायचाय.

तुम्ही म्हणाल, हे काम आउटलुक करतं की! करतं, पण सगळे एकाच कंपनीत असतील तर. आमच्याकडे मी आणि माझा एक सहकारी ताथवड्यात, टेस्ट इंजिनिअर चाकणच्या सप्लायरकडे, आणि एक जण जर्मनीत, स्टुटगार्टला. तीन कंपन्या, तीन कॅलेंडरं. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. मग स्क्रीनशॉटच उरतो.

आठवडा कुठला, तर ३० मार्च ते ३ एप्रिल २०२६. चाकणच्या टेस्ट रिगवरचं काम एका निर्णयासाठी थांबलंय आणि त्या निर्णयाला चौघं हवेत. हा आठवडा हुकला तर सोमवारी, ६ एप्रिलला जर्मनीत ईस्टरची सुट्टी. म्हणजे रिग थेट ७ तारखेपर्यंत बंद.

आता पहिली गोष्ट. स्क्रीनशॉट हाती आला की चौकोन वाचायच्या आधी त्याच्या कडा वाचायच्या. वर तारखा कोणत्या आहेत? घाईत लोक चालू आठवड्याचाच फोटो पाठवतात. डावीकडे तास कुठून कुठपर्यंत दिसतायत? स्क्रीन खाली सरकवलेली असेल तर सकाळच्या मीटिंगा फोटोत नाहीतच, आणि न दिसणारी वेळ म्हणजे मोकळी वेळ नव्हे. तिसरं, वरची बारीक पट्टी. दिवसभराच्या नोंदी तिथे असतात. आमच्या जर्मन सहकाऱ्याच्या फोटोत शुक्रवारचा पूर्ण रकाना पांढरा होता, पण वरच्या पट्टीत Karfreitag लिहिलं होतं. म्हणजे गुड फ्रायडे, तिकडे सुट्टी. शुक्रवार गेला.

चाकणवाल्याचा गुरुवारही असाच कोरा होता, आणि त्याच्या पट्टीत तर काहीच नव्हतं. पण आपल्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्याचीही तीच. कुणी आपली सुट्टी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवत नाही. त्यामुळे अख्खा दिवस कोरा दिसला की आनंद नको, एक मेसेज टाकून विचारायचं. गुरुवारही गेला. उरले सोम, मंगळ, बुध.

दुसरी गोष्ट, घड्याळ. शेअर केलेलं कॅलेंडर तुमच्या वेळेत बदलून दिसतं, पण स्क्रीनशॉट हा फोटो आहे, तो बदलत नाही. गुगल कॅलेंडरच्या वेबवर आठवड्याच्या दृश्यात डाव्या कोपऱ्यात छोटं लेबल असतं. आपल्याकडे GMT+05:30. जर्मनीच्या फोटोत त्या आठवड्यात GMT+02. हिवाळ्यात तेच GMT+01 असतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, यंदा तो रविवार २९ मार्च, म्हणजे आपल्या आठवड्याच्या आदल्याच दिवशी. हिवाळाभर सगळ्यांच्या तोंडी बसलेला साडेचार तासांचा फरक सोमवारपासून साडेतीन तासांचा झाला. आणि कोपरा क्रॉप केलेला असेल तर लेबलही दिसत नाही. अशा वेळी अंदाज करायचा नाही, विचारायचं.

आता आखणी. चाकणवाला संध्याकाळी पाचला निघतो. स्टुटगार्टला काम सकाळी साडेआठला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे बारा. ताथवड्यात आम्ही दहा ते सात. तर सगळे कामावर असतात ते फक्त १२ ते ५. या पाच तासांचे अर्ध्या तासाचे दहा घर करायचे. व्यस्त घरात 1, मोकळ्या घरात 0. मीटिंगने घराला नुसता स्पर्श केला तरी 1. बुधवार बघा. पहिलं घर बाराचं, शेवटचं साडेचारचं:

```
मी          0011000001
सहकारी      1111000000
चाकण        0100110000
स्टुटगार्ट    0000000110
एकत्र       1111110111
```

चाकणवाल्याची दोन ते दोन-चाळीस अशी लाइन मीटिंग आहे, म्हणून त्याची दोन घरं भरली. स्टुटगार्टची जेवणाची सुट्टी तिथल्या १२ ते १, आपल्याकडे साडेतीन ते साडेचार. शेवटच्या ओळीचा नियम सोपा आहे: उभ्या रकान्यात एक जरी 1 असला तरी खाली 1. उरलं एकच 0, तीन ते साडेतीन. आपल्याला तास हवाय, म्हणजे सलग दोन शून्यं. बुधवार बाद.

आता हीच ओळ जुन्या साडेचार तासांच्या फरकाने करून बघा. जर्मन जेवण साडेचारच्या पुढे सरकतं आणि बुधवारी तीन ते साडेचार असा दीड तास मोकळा दिसायला लागतो. एकदम झकास! इन्व्हाइट जातो, आणि मीटिंग सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच स्टुटगार्टवाला जेवायला उठतो. गणित चुकलेलं नाही, बेरीज बरोबर आहे, फक्त एक रकाना तासभर घसरलाय. म्हणून ही चूक नुसतं तक्त्याकडे बघून सापडत नाही.

सोमवारी सुटे दोन अर्धे तास मिळाले, एक बाराचा, एक अडीचचा. एकमेकांना चिकटलेले नाहीत, म्हणून उपयोग नाही. मंगळवारची एकत्र ओळ अशी आली:

```
11110??111
```

हे ? काय, तर ताथवड्यातल्या सहकाऱ्याचा अडीच ते साडेतीनचा तिरप्या रेघांचा चौकोन. आउटलुकमध्ये तिरप्या रेघा म्हणजे नक्की नसलेली मीटिंग. गुगलमध्ये उत्तर न दिलेलं आमंत्रण नुसत्या बाह्यरेषेचं दिसतं, आणि नाव खोडलेलं असेल तर ते नाकारलेलं, म्हणजे वेळ मोकळी. या तिरप्या चौकोनाला 1 म्हणालात तर आठवडा संपला, 0 म्हणालात तर कुणाचं तरी काम बुडेल. म्हणून वेगळं चिन्ह. त्याचा फायदा असा की आता चौघांना परत विचारायचं नाही, फक्त एकाला एकच प्रश्न: "मंगळवारी अडीचचं सरकवता येईल का?" तो हो म्हणाला आणि दोन ते तीन मिळाले.

शेवटची पायरी उलट तपासणी. मिळालेली वेळ प्रत्येकाच्या घड्याळात परत नेऊन मूळ फोटोवर बोट ठेवायचं. दुपारचे दोन, वजा साडेतीन तास, स्टुटगार्टचे साडेदहा. त्याच्या फोटोत मंगळवारी साडेदहा ते साडेअकरा पांढरं आहे का? आहे. घसरलेला रकाना इथे पकडला जातो.

आणि इन्व्हाइट तिथल्या तिथे पाठवा. फोटो काढल्यानंतर त्या कॅलेंडरमध्ये काय भरलं गेलं, हे फोटोला कळत नाही. पुढच्या वेळी स्क्रीनशॉट मागताना एवढंच लिहा: "वेबवरून, पूर्ण आठवडा, वरची पट्टी आणि डावा कोपरा दिसू दे, मीटिंगची नावं झाकलीत तरी चालेल." आपल्याला चौकोन हवेत, नावं नकोत.

चला, भेटू पुढच्या भागात!