नागपूरचं ऊन आणि दुबईची रात्र

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीची बरीच वर्षं वाळवंटात काढली, जैसलमेर आणि पोखरणच्या बाजूला. त्यामुळे उन्हाबद्दल मला कोणी काही शिकवावं, असं मला वाटत नसे. आज मी सांगणार आहे ते माझा हा गर्व कसा उतरला, आणि त्यातून माझ्या पुतणीच्या घरचा एक निर्णय कसा बदलला, त्याबद्दल.

पुतणी नागपूरची. जावयाला दुबईत नोकरी लागली. शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकदमच जायचं ठरलं. सगळे म्हणजे हे दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. माझ्या विहीणबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. मी फोनवर म्हटलं, ‘अगं, ऑगस्टमध्ये नेऊ नका त्यांना.’ त्यावर पुतणी हसली. ‘काका, आम्ही नागपूरकर. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लग्नाच्या पंगती वाढतो. दुबईत तर एक्केचाळीसच असतं.’

आकड्यांत ती बरोबर होती. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईचं दुपारचं तापमान सरासरी एक्केचाळीसच्या आसपास असतं आणि नागपूरचं मे महिन्यातलं त्याहून थोडं जास्तच. पण तिच्या हातात अर्धाच आकडा होता. दोन वर्षांपूर्वी मीही तोच अर्धा आकडा घेऊन दुबईला गेलो होतो.

मित्राकडे उतरलो होतो. ऑगस्टचा महिना. दिवसभर एसीत बसून कंटाळलो, म्हणून रात्री आठला फिरायला निघालो. ऊन नाही, तापमान पस्तीस. जैसलमेरला पस्तीस म्हणजे थंडावा! दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर एकदम वाफ धरली. पुसला, चालू लागलो. दहा मिनिटांत शर्ट असा भिजला, जणू पावसात सापडलो होतो. घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. अर्ध्या तासात डोकं जड झालं, मळमळायला लागलं आणि एका दुकानाच्या पायरीवर मी मटकन बसलो. दुकानदारानं आत घेतलं, पाणी दिलं, एसीसमोर बसवलं. वीस मिनिटांनी मी ठीक झालो. पण प्रश्न मनात राहिला. पंचेचाळीस डिग्रीत मैलोन्‌मैल चाललेला माणूस पस्तीस डिग्रीत, तेही रात्री, बसला कसा?

उत्तर शर्टातच होतं. वाळवंटात आमचे शर्ट ओले दिसत नसत. त्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत. घाम यायचा तेवढाच, पण येताक्षणी उडून जायचा. दुबईत घाम गळत होता. आता लक्षात घ्या, घाम आल्यानं अंग गार होत नाही. घाम उडून गेल्यानं होतं. जो घाम टपकून जमिनीवर पडला, तो फुकट गेला. पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग तापलेलंच राहिलं.

घाम उडायला हवेत जागा लागते. हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असेल, तर ती आणखी कुठून घेणार? आपण दोन्ही शहरांचा हिशेब मांडू. नागपूर, मे महिन्याची दुपार, पंचेचाळीस डिग्री, आर्द्रता पंधरा टक्के. दुबई, ऑगस्टची रात्र, पस्तीस डिग्री, आर्द्रता सत्तर टक्के. घामेजलेल्या कातडीलगतच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब, यांच्यातल्या फरकावर घाम उडणं अवलंबून असतं. तो फरक नागपूरच्या त्या दुपारी दुबईच्या त्या रात्रीपेक्षा साधारण अडीचपट भरतो. म्हणजे नागपूरला घाम उडायला अडीचपट वाव, आणि तोही भर दुपारी.

हे पुतणीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘काका, हे पुस्तकी झालं.’ मग मी तिला कूलरचं उदाहरण दिलं. नागपूरला घराघरांत वाळ्याचे ताटे लावलेले कूलर असतात. मे महिन्यात ते खोली छान गार करतात. पण मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की काय होतं? तोच कूलर, तेच पाणी, पण खोली नुसती चिकचिक होते. मग आपण पाणी बंद करून नुसता पंखा चालवतो. म्हटलं, ‘बेटा, कूलर आणि आपलं शरीर एकाच तत्त्वावर चालतात. ज्या हवेत कूलर चालत नाही, त्या हवेत घामही चालत नाही.’ नागपूरच्या त्या मे महिन्याच्या हवेत ओला कपडा धरला, तर तो चोवीस डिग्रीपर्यंत गार होऊ शकतो. दुबईच्या त्या रात्री तो तीसच्या खाली जाणारच नाही. हे तिला लगेच पटलं, कारण जूनमधला तो चिकट आठवडा प्रत्येक नागपूरकर भोगतो. फरक एवढाच, की जूनमध्ये पाऊस येतो आणि पाठोपाठ तापमान उतरतं. दुबईत तसा पाऊस येत नाही.

मग एवढी वाफ वाळवंटाच्या हवेत येते कुठून? समुद्रातून. दुबईसमोरचं आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. उथळ पातेल्यातलं पाणी लवकर तापतं, तसं हे आखात ऑगस्टमध्ये तेहतीस-चौतीस डिग्रीपर्यंत तापतं. त्यावरून येणारा वारा शहरात वाफ आणतो. वारा वाळवंटाकडून आला, तर त्या दिवशी तापमान पंचेचाळीसच्या वर जातं, पण हवा कोरडी असते आणि घाम उडतो. म्हणून दुबईत तापमान कमी दिसणारा दिवस कधीकधी जास्त त्रासाचा ठरतो. रात्रीही सुटका नाही, कारण तापमान तीसच्या खाली क्वचितच उतरतं.

मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या श्रोत्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. उकाडा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, फक्त दुबईत त्याच्या पुढची पायरी आहे. खरा धोका आहे तो नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, सोलापूर इथल्या लोकांना. ऊन सोसल्याचा अभिमान आपल्याला असतो आणि तोच आपल्याला फसवतो.

मग बघायचं काय? मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये तापमान आणि आर्द्रतेबरोबर ‘Dew Point’ असा आकडा असतो. मराठीत दवबिंदू. हवा किती गार केली म्हणजे तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागेल, ते हा आकडा सांगतो. नुसत्या आर्द्रतेच्या टक्क्यांवर जाऊ नका. ते तापमानाबरोबर दिवसभर बदलतात. नागपूरच्या मे महिन्यात दवबिंदू बारा-पंधराच्या आसपास असतो. मुंबईच्या मे महिन्यात पंचवीसच्या आसपास. दुबईच्या त्या रात्री तो एकोणतीस होता. माझा नियम साधा आहे: दवबिंदू सत्तावीसच्या वर आणि तापमान तीसच्या वर असेल, तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांचं बाहेर चालणं-खेळणं बंद. मग दिवस असो की रात्र.

तिथल्या सरकारनं पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी घातलेली आहे. नियम चांगला आहे. पण त्यावरून ‘तीननंतर सगळं सुरक्षित’ असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

आता सवयीबद्दल. सैन्यात उंचावर जाताना आम्ही थेट वर चढत नाही. नऊ हजार फुटांच्या वर पहिले सहा दिवस शरीराला सवय करून घेतो. उन्हाचंही तसंच आहे. नव्या उष्णतेत रोज थोडं थोडं वावरलं, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं, घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण यातली मेख अशी, की चोवीस तास एसीत बसणाऱ्याला ही सवय लागतच नाही. तीन महिने दुबईत राहिलात तरी शरीर नवखंच राहतं. आणि सवय लागली तरी ती गच्च भरलेल्या हवेत घाम उडवू शकत नाही. सवयीलाही मर्यादा आहे.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? लघवी गडद पिवळी होते. डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. इथपर्यंत माणूस सावलीत, एसीत आणला, मीठ-साखरेचं पाणी दिलं, की सावरतो. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात. मग पाणी पाजत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर तो मानेला, काखेत, जांघेत लावा.

विहीणबाईंच्या गोळीचा मुद्दा इथेच येतो. त्या गोळीनं शरीरातलं पाणी आणि मीठ आधीच कमी होतं. वर घाम गळायला लागला, तर रक्तदाब एकदम पडू शकतो. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘आम्ही इथे, या महिन्यात जातोय’ हे स्पष्ट सांगायचं.

शेवटी ठरलं ते असं. जावई, पुतणी आणि मुलगा ऑगस्टमध्ये गेले, कारण शाळा थांबणार नव्हती. मुलाचं खेळणं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरात किंवा मॉलमध्ये. विहीणबाई नागपूरलाच थांबल्या आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेल्या. त्यांना हे आवडलं नाही. ‘मला मागे टाकून जाताय,’ असं त्या म्हणाल्या आणि ते मला लागलं. पण नोव्हेंबर ते मार्च दुबईची हवा आपल्या पुण्याच्या हिवाळ्याच्या जवळची असते. जानेवारीत दिवसा चोवीस-पंचवीस, पहाटे चौदा-पंधरा. स्वेटर न्यावा लागतो. विहीणबाईंनी तिथे रोज संध्याकाळी चालायला सुरुवात केली, इमारतीतल्या दोन मराठी बायका ओळखीच्या झाल्या, आणि उन्हाळा येईपर्यंत घर त्यांचं झालं होतं. ऑगस्टमध्ये गेल्या असत्या, तर पहिले अडीच महिने चार भिंतींत काढले असते.

सामान बांधताना पुतणीनं विचारलं होतं, ‘छत्री न्यायची का?’ मी म्हटलं, पावसासाठी नको. तिथे वर्षभरात पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास, नागपूरला पडतो हजाराच्या वर. पण तो थोडा पाऊस एकाच दिवशी पडला, तर शहर तुंबतं. 16 एप्रिल 2024 ला ते जगानं पाहिलं. तशा दिवशी भुयारी रस्त्यात गाडी घालू नका, एवढंच.

परवा विहीणबाईंचा फोन आला होता. जून लागला होता. म्हणाल्या, ‘इकडे सगळं छान आहे हो, पण मृग लागला की नाही ते कळतच नाही.’ यावर माझ्याकडे उपाय नव्हता. नागपूरला नुकतीच एक सर येऊन गेली होती. मी फोन खिडकीबाहेर धरला आणि पागोळ्यांचा आवाज त्यांना ऐकवला.