नाव छातीवर मावेल असे

शाळेच्या छपरासाठी निधी जमवावा म्हणून गावाने दरवर्षी एक धाव योजिली आहे, असे समजा. बैठकीत पहिले नाव सुचते ते ‘वार्षिक ग्रामविकास निधिसंकलन धावस्पर्धा’. धावणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक, ज्यास मैदानावर चेस्ट नंबर म्हणतात, तो वीतभर रुंदीचा. मधली जागा आकड्याची. नावास वरची दोन बोटे उरतात. तेवढ्यात ही अठरा अक्षरे कशीबशी बसतील, पण रफार आणि वेलांट्या उंची खातील आणि दुरून ती वाचता येणार नाहीत. शिवाय ‘स्पर्धा’ म्हटले की आजीबाई घरीच राहणार! देणगीदाराचे, एका वाडीचे, किंवा देऊळ व चर्च दोन्ही असलेल्या गावात एकाच दैवताचे नाव दिले, तर उरलेले पाहुण्यासारखे येतात.

त्यापेक्षा ‘गावधाव’ पाहा. चार अक्षरे, जोडाक्षर नाही, वेलांटी-उकार नाही. रेषेच्या वरखाली काहीच नसल्याने पट्टीची सारी उंची अक्षरांना मिळते. धोका एकच. ‘ध’च्या माथ्यावरची फट जाड ठशात वा शाई पसरून बुजली, की ‘धाव’चा ‘घाव’ होतो! म्हणून त्याच कापडावर एक नमुना छापून घ्यावा आणि नाव ठाऊक नसलेल्या मुलाकडून दहा पावलांवरून वाचवून घ्यावा. साल मात्र पावतीवरच घालावे. म्हणजे उरलेले कोरे क्रमांक पुढील वर्षीही चालतात.